झाकलेला चंद्र : ग्रहणाचं स्वप्न आणि आपल्या ग्रंथांनी लावलेला अर्थ



७ सप्टेंबर २०२५च्या भाद्रपद पौर्णिमेला खग्रास चंद्रग्रहण झालं. रात्री दहाच्या सुमारास चंद्र झाकायला लागला, अकरा ते साधारण सव्वाबारा तो पूर्ण सावलीत तांबूस दिसत होता आणि दीडच्या आत सगळं मोकळं झालं. त्यानंतर आठ-पंधरा दिवस आमच्या नवीन जालन्यात, स्थानकाच्या पायऱ्यांवर आणि भाजीच्या गाड्याजवळ, एकच विषय ऐकू येत होता : कोणाला स्वप्नात काय दिसलं. कोणाला काळा चंद्र, कोणाला तुटलेला तारा, तर कोणाला दिवसाढवळ्या मावळलेला सूर्य. आणि प्रत्येक स्वप्नाचा अर्थ सांगायला कोणी ना कोणी तयार होतंच.

आपल्या घरांतून चालत आलेले हे अर्थ तुम्हालाही पाठ असतील. स्वप्नात पूर्ण चंद्र दिसला तर घरात देखणं, शांत मूल येणार. उगवता सूर्य दिसला तर मान वाढणार किंवा मुलगा होणार. तारा निखळताना दिसला तर घरातल्या थोराचं काही खरं नाही. आणि ग्रहण लागलेला चंद्र किंवा सूर्य दिसला तर आजार, नुकसान आणि गरोदर बाईला दिसला तर पोटातल्या बाळावर संकट. यातल्या शेवटच्या अर्थाने किती सुनांची झोप उडवली असेल, त्याची गणती नाही. म्हणून आज त्याच अर्थाचा माग काढू. तो कुठून आला, आपल्या आगमांत आणि कथांत चंद्र-सूर्याच्या स्वप्नांना काय अर्थ दिला आहे आणि मनाचा अभ्यास करणारे त्यावर काय म्हणतात, हे क्रमाने पाहू.

त्रिशला माता जागी का राहिली

चंद्र-सूर्याचं आपल्याकडचं सगळ्यांत ओळखीचं स्वप्न त्रिशला मातेचं. श्वेतांबर परंपरेतल्या चौदा स्वप्नांत सहावा चंद्र आणि सातवा सूर्य. दिगंबर परंपरेत स्वप्नं सोळा, पण चंद्र-सूर्य त्यातही आहेतच. कल्पसूत्रात चंद्राचं वर्णन दुधासारखा, फेसासारखा, चांदीच्या कलशासारखा पांढरा असं येतं. दोन्ही ज्योती लख्ख आहेत. त्यांच्यावर ढग नाही आणि डागही नाही.

ऐकताना आपलं लक्ष स्वप्नांवर असतं, म्हणून पुढचा भाग निसटतो. जागी झाल्यावर त्रिशला माता राजा सिद्धार्थांकडे जाते, स्वप्नं सांगते आणि परत आल्यावर झोपत नाही. या उत्तम स्वप्नांवर दुसरं एखादं वाईट स्वप्न पडून ती फुकट जाऊ नयेत, म्हणून ती धर्मकथांच्या आधाराने उरलेली रात्र जागून काढते. सकाळी सिद्धार्थ स्वप्नपाठकांना बोलावतात. ते एकट्या-दुकट्याने मत देत नाहीत. आधी आपसांत विचार करतात, अर्थ नक्की करतात आणि मग सांगतात : शास्त्रात बहात्तर स्वप्नं आहेत, त्यांतली बेचाळीस साधारण आणि तीस महास्वप्नं. तीर्थंकराची किंवा चक्रवर्तीची माता त्या तिसांपैकी चौदा पाहते.

चांगलं स्वप्न पडलं की पुन्हा झोपू नये, वाईट पडलं तर कोणाला न सांगता पुन्हा झोपावं, हा आजीने सांगितलेला नियम याच धाग्यातला. त्यामागचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. झोपेतून थेट जाग आली तरच स्वप्न लक्षात राहतं. पुन्हा झोप लागली की ते बहुतेक वेळा पुसलं जातं. वाईट स्वप्न विसरायचं असेल तर झोपणं आणि चांगलं जपायचं असेल तर जागणं, हे अनुभवातून आलेलं शहाणपण आहे.

सगळी स्वप्नं वाचण्यासारखी नसतात

आता मुख्य गोष्ट. स्वप्न पडलं म्हणजे त्याला अर्थ असणारच, असं आपल्या ग्रंथांनी कधी धरलेलं नाही.

भगवती सूत्राच्या सोळाव्या शतकात गौतमस्वामींनी भगवंतांना स्वप्नांविषयी विचारलेले प्रश्न आहेत. (इथे शतक म्हणजे त्या ग्रंथाचं प्रकरण.) स्वप्न कोण पाहतो, झोपलेला की जागा? उत्तर असं की पूर्ण झोपलेला पाहत नाही आणि पूर्ण जागाही पाहत नाही. जो झोपला आहे आणि आतून जागा आहे, तो पाहतो. तिथेच स्वप्नांचे पाच प्रकार येतात : जसंच्या तसं खरं होणारं, लांबलचक पसरलेलं, चिंतेतून आलेलं, दिसतं त्याच्या उलट फळ देणारं आणि अस्पष्ट. चिंतास्वप्न हा वेगळा प्रकार म्हणून तिथे नोंदवलेला आहे, हे लक्षात ठेवा.

पुढे १६३९ साली उपाध्याय विनयविजयजींनी कल्पसूत्रावर सुबोधिका नावाची टीका लिहिली. तिच्यात स्वप्न पडण्याची नऊ कारणं दिली आहेत. दिवसा अनुभवलेलं, ऐकलेलं, पाहिलेलं, शरीराच्या बिघाडातून आलेलं, सहज स्वभावाने पडलेलं आणि सततच्या चिंतेतून आलेलं, ही सहा. मग देवतेच्या सूचनेतून, धर्माचरणाच्या प्रभावातून आणि पापाच्या उद्रेकातून, ही तीन. नंतर निकाल दिला आहे. पहिल्या सहा कारणांनी पडलेलं स्वप्न शुभ असो की अशुभ, ते निरर्थक. फळ फक्त शेवटच्या तिघांना.

म्हणजे अर्थ लावणाऱ्याने सगळ्यांत आधी विचारायचं की हे स्वप्न पहिल्या सहांत बसतं का. बसलं तर विषय संपला. चंद्र दिसला की बाळ आणि ग्रहण दिसलं की संकट, असं थेट सांगणारी व्यक्ती ही पहिली पायरी गाळून दुसरीवर उडी मारते.

या नऊ कारणांकडे मानसशास्त्राच्या चष्म्यातून पाहिलं तर गंमत वाटते. व्हिएन्नाचे डॉक्टर सिग्मंड फ्रॉइड यांचं स्वप्नांवरचं प्रसिद्ध पुस्तक १८९९च्या शेवटी आलं. स्वप्नाचा कच्चा माल बहुधा आदल्या दिवसाचे उरलेसुरले तुकडे असतात, असं त्यांनी मांडलं. अनुभवलेलं, ऐकलेलं आणि पाहिलेलं ही सुबोधिकेतली पहिली तीन कारणं नेमकी तीच आहेत. मात्र पुढे दोघांचे रस्ते वेगळे होतात. फ्रॉइड म्हणतात, त्या तुकड्यांच्या आडून मनातली दडपलेली इच्छा बोलते, म्हणून स्वप्न वाचायलाच हवं. विनयविजयजी म्हणतात, ते तुकडेच आहेत तर सोडून द्या. त्यांचे शिष्य आणि नंतर विरोधक झालेले कार्ल युंग यांनी तिसरी वाट धरली. सूर्य, चंद्र यांसारखी चित्रं सगळ्या देशांतल्या कथांत आणि स्वप्नांत पुन्हा पुन्हा येतात, म्हणजे ती माणसाच्या सामाईक मनात खोल रुजलेली आहेत, असं ते म्हणत. आजचे बरेच अभ्यासक या दोघांचे सगळे अर्थ जसेच्या तसे मानत नाहीत. पण दिवसाची काळजी रात्री स्वप्नात उतरते, यावर फारसं दुमत नाही.

पहाटेचं स्वप्न खरं होतं, या समजुतीलाही असाच जुना आधार आहे. पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचं फळ बारा महिन्यांत, दुसऱ्यातलं सहा, तिसऱ्यातलं तीन, चौथ्यातलं एका महिन्यात, असा हिशेब टीकेत मिळतो. १९५३ साली शिकागो विद्यापीठात युजीन असेरिन्स्की आणि नेथनियल क्लाइटमन यांनी झोपेतला एक टप्पा ओळखला. त्यात बंद पापण्यांखाली डोळे भराभर हलतात, आणि अशा वेळी उठवलेल्या माणसाला स्वप्न आठवतं. तेव्हा मेंदू जाग्यासारखा काम करत असतो आणि अंग मात्र ढिलं पडलेलं असतं. झोपलेला पण आतून जागा, या वर्णनाची इथे आठवण होते. हा टप्पा रात्री चार-पाच वेळा येतो, सुरुवातीला थोडी मिनिटं आणि पहाटेकडे बराच लांब. म्हणून पहाटेची स्वप्नं लांबलचक, ठसठशीत आणि लक्षात राहणारी असतात. ती जास्त आठवतात, एवढंच यातून सिद्ध होतं. ती खरी होतात, हे त्यावरून ठरत नाही.

आमच्या गल्लीतल्या एका सुनेचं स्वप्न

आता हीच चाळणी एका स्वप्नाला लावून पाहू. आमच्या गल्लीतली एक बींदणी, तिचं नाव सांगत नाही, त्या ग्रहणाच्या वेळी सहाव्या महिन्यात होती. दोन दिवसांनी पहाटे तिला स्वप्न पडलं. घराच्या गच्चीवर अर्धा कुरतडलेला काळा चंद्र अगदी खाली आला आहे, ती पदर पसरून त्याला झेलायला जाते, पण तो निसटून पाण्याच्या टाकीत पडतो. ती घामाघूम होऊन उठली. शेजारच्या एका आजींनी ऐकल्याबरोबर सांगितलं, "पदरातलं निसटलं, म्हणजे जपून राहा गं." त्यानंतर चार दिवस ती धड जेवली नाही आणि घरात कोणाशी बोलली नाही.

तिच्या सासूबाई तिला माझ्याकडे घेऊन आल्या. मी काही स्वप्नपाठक नाही. मी फक्त सुबोधिकेतली कारणं एकेक करून तिला विचारत गेले.

"ग्रहण पाहिलंस का?"

"प्रत्यक्ष नाही पाहिलं, मामीजी. पण मोबाइलवर तास-दीड तास तेच चालू होतं." पाहिलेलं, हे एक.

"त्या दिवशी कोण काय म्हणालं?"

दुपारपासून प्रत्येक जण सांगत होता, कात्रीला हात लावू नकोस, सुई धरू नकोस, पाय दुमडून बसू नकोस, नाहीतर बाळाचा ओठ फाटतो. ऐकलेलं, हे दुसरं.

आता ही मुलगी ब्लाउज शिवते. दसरा-दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर होत्या, ग्रहणाच्या दिवशी काम थांबलं, दोन गिऱ्हाइकांचे फोन येऊन गेले. हे पदरात घेतलेलं पुरं कसं करायचं, हीच घोकणी चालली होती. ही चिंता, तिसरी. पोट वाढल्यामुळे रात्री आंबट ढेकर, कुशी बदलणं आणि तीन-चारदा लघवीला उठणं, हे शरीराचं कारण, चौथं.

"आणि टाकीचं काय?"

ती जरा थांबली आणि मग हसली. जालन्यात नळ रोज येत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. स्वप्नाच्या आदल्या दिवशी पाणी आलं होतं, टाकी भरली आणि झाकण लावायचं राहून गेलं. झोपताना ते आठवलं, पण जिना चढायचा कंटाळा केला. हे अनुभवलेलं, पाचवं. स्वप्नातला चंद्र उघड्या टाकीत का पडला, त्याचं उत्तर गच्चीवरच होतं.

सहांपैकी पाच कारणं ठळक सापडली, म्हणजे टीकाकारांच्या कसोटीने हे स्वप्न निरर्थक. मानसशास्त्राच्या कसोटीने ते चिंतेचं स्वप्न, आणि ती चिंता खरी आहे. गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, झोप वारंवार मोडते, म्हणून स्वप्नं जास्त आठवतात. बाळ हातून पडलं, हरवलं, त्याला काही झालं, अशी स्वप्नं अनेक आयांना पडतात. ते नव्या जबाबदारीची तयारी करणाऱ्या मनाचं काम आहे. बाळाची प्रकृती त्यातून कळत नाही. ती सोनोग्राफीत आणि डॉक्टरांच्या तपासणीत कळते.

तिचं बाळ डिसेंबरात सुखरूप जन्मलं. पण हा माझ्या म्हणण्याचा पुरावा आहे असं मी मानत नाही, आणि तुम्हीही मानू नका. बहुतेक बाळं सुखरूपच जन्मतात, आईला कोणतंही स्वप्न पडलेलं असो. भाकितं खरी वाटतात ती याच्या उलट बाजूने. दहा जणींना ग्रहणाचं स्वप्न पडलं आणि त्यातल्या एकीच्या घरी काही वाईट झालं, तर ती एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जाते. उरलेल्या नऊ जणींची स्वप्नं कोणी लक्षातच ठेवत नाही.

राहू चंद्राला गिळतो का

तिच्या भीतीच्या मुळाशी दोन समजुती होत्या. राहू चंद्राला खातो, ही एक, आणि ते खाणं पोटातल्या बाळाला बाधतं, ही दुसरी.

पहिलीचं उत्तर भगवती सूत्रातच आहे. बाराव्या शतकात गौतमस्वामी विचारतात, लोक म्हणतात राहू चंद्राला ग्रासतो, हे खरं का? भगवंत म्हणतात, असं म्हणणारे चुकीचं बोलतात. राहू हा एक देव आहे. त्याचं विमान येता-जाता मध्ये आलं की चंद्राचा प्रकाश झाकला जातो आणि लोक त्याला चंद्र गिळला म्हणतात. तिथे राहूचे दोन प्रकार आहेत. रोज एकेक कला झाकणारा नित्यराहू आणि ग्रहण घडवणारा पर्वराहू. पर्वराहू चंद्राला कमीत कमी सहा महिन्यांनी झाकतो, असा काळाचा हिशेबही दिला आहे. आजचं खगोलशास्त्र विमानाच्या जागी पृथ्वीची सावली सांगतं. दोन्ही वर्णनं एक नाहीत, आणि ती ओढूनताणून एक करायची गरजही नाही. पण चंद्राला कोणी खात नाही, तो फक्त झाकला जातो आणि जसाच्या तसा बाहेर येतो, यावर आगम ठाम आहे. ग्रहणात आपण असज्झाय पाळून आगमांचा स्वाध्याय बंद ठेवतो. तो नियम सूत्रवाचनाचा आहे. गर्भाशी त्याचा संबंध नाही.

दुसऱ्या समजुतीचं उत्तर बाळाच्या वाढीच्या वेळापत्रकात आहे. बाळाचा वरचा ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो आणि टाळू साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात. हे जुळणं अपुरं राहिलं तर ओठ दुभंगतो. त्यामागे आनुवंशिकता, काही औषधं, आईचं धूम्रपान, मधुमेह अशी कारणं आढळली आहेत. आमच्या बींदणीचा सहावा महिना होता. ग्रहण लागलं तेव्हा बाळाचा ओठ तयार होऊन चार महिने झाले होते. कात्रीचा आणि त्या ओठाचा संबंध येणार कुठून?

चंद्रगुप्ताचा भोकं पडलेला चंद्र

तुमच्यातल्या काही जणी म्हणतील, पण आपल्याकडेही अशुभ चंद्राचं स्वप्न आहेच की. आहे. सम्राट चंद्रगुप्ताची सोळा स्वप्नं दोन्ही परंपरांत सांगितली जातात. त्यात त्याला मावळता सूर्य दिसतो आणि चाळणीसारखी भोकं पडलेला चंद्र दिसतो. बारा फण्यांचा साप दिसतो, तो बारा वर्षांच्या दुष्काळाचा. श्रुतकेवली भद्रबाहुस्वामी अर्थ सांगतात. सूर्य मावळला, म्हणजे पंचम काळात पूर्ण ज्ञानाचा अस्त होईल. चंद्राला भोकं पडली, म्हणजे जिनशासनात अनेक मतं-पंथ होतील.

याच्या जोडीला आदिपुराणातली भरत चक्रवर्तीची स्वप्नं ठेवा. तिथे ढगांनी झाकलेला सूर्य दिसतो आणि त्याचा अर्थ पंचम काळात केवलज्ञान होणार नाही, असा दिला आहे. खळं पडलेला चंद्र दिसतो, त्याचा अर्थ मुनींना अवधिज्ञान आणि मनःपर्यवज्ञान होणार नाही. आणि याच्या उलट टोकाला स्वतः भगवान महावीरांनी छद्मस्थ अवस्थेच्या शेवटी पाहिलेली दहा स्वप्नं. त्यात तेजाने झळकणारा सूर्य आहे आणि त्याचा अर्थ केवलज्ञान.

एकत्र पाहिलं की सूत्र दिसतं. या कथांत सूर्य म्हणजे ज्ञान. तो झळकला तर ज्ञान प्रगटलं, झाकला किंवा मावळला तर ज्ञान लोपलं. चंद्र झाकला किंवा फुटला, तर साधूंचं ज्ञान उणावलं किंवा संघ विभागला. ही अख्ख्या शासनाच्या काळाची स्वप्नं आहेत. यांतल्या एकाही झाकलेल्या चंद्र-सूर्याचा अर्थ कोणा बाईच्या उदराशी जोडलेला नाही. गर्भाशी जोडलेला चंद्र त्रिशला मातेचा, आणि तो पूर्ण, निष्कलंक आहे.

इतिहासाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. चंद्रगुप्त इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस राज्यावर होता. श्रवणबेळगोळच्या चंद्रगिरीवरचा सुमारे इ.स. ६००चा शिलालेख भद्रबाहूंनी निमित्तज्ञानाने बारा वर्षांचं संकट ओळखल्याचं सांगतो. ९३१ साली हरिषेणांनी बृहत्कथाकोशात कथा लिहिली, तिथे दुष्काळाची सूचना पाळण्यातल्या बाळाच्या बोलण्यातून मिळते. सोळा स्वप्नांची सविस्तर कथा रत्ननंदींच्या भद्रबाहुचरित्रासारख्या त्याहून नंतरच्या ग्रंथांत वाचायला मिळते. तोवर संघात पंथभेद होऊन गेलेले होते. म्हणून इतिहासकार या स्वप्नांकडे त्या लेखकांच्या काळातल्या वेदनेचं चित्र म्हणून पाहतात. आपला संघ चाळणी झाला, हे दुःख त्यांनी चंद्राच्या रूपात मांडलं. श्रद्धेने ऐकणारी बाई आणि इतिहास वाचणारी बाई, दोघींनाही त्यातून एकच गोष्ट कळते : हा चंद्र संघाच्या एकीविषयी बोलतो.

ज्या आईला चंद्र प्यायचा होता

याच चंद्रगुप्ताच्या जन्माची कथा हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात परिशिष्टपर्वात सांगितली आहे. मोर पाळणाऱ्यांच्या गावातल्या मुखियाच्या मुलीला डोहाळे लागले, चंद्र पिण्याचे. हे स्वप्न नव्हे, जागेपणीची इच्छा आहे. पण पोटात बाळ, मनात चंद्र आणि घरभर काळजी, ही परिस्थिती आपल्या ओळखीची आहे. चाणक्य तिथे आला. मूल मोठं झाल्यावर आपल्याला देण्याचं वचन घेऊन त्याने उपाय केला. वर भोक असलेला मांडव घातला. पौर्णिमेच्या मध्यरात्री खाली दुधाची थाळी ठेवली, तिच्यात चंद्राचं प्रतिबिंब पडलं. ती पिऊ लागली तसतसं वर लपलेल्या माणसाने भोक हळूहळू झाकत आणलं. थाळी रिकामी झाली तेव्हा चंद्रही दिसेनासा झाला. तिची इच्छा पुरी झाली, आणि मुलाचं नाव पडलं चंद्रगुप्त.

चाणक्याचा हेतू स्वार्थी होता, ते सोडा. पण त्या मांडवात घडलं ते एक छोटं ग्रहणच होतं. आईच्या डोळ्यांदेखत चंद्र हळूहळू झाकला गेला, आणि कथेत ते तिच्या समाधानाचं कारण ठरलं. झाकला जाणारा चंद्र गरोदर बाईला अशुभच, असा नियम असता तर ही कथा आपल्या आचार्यांनी अशी सांगितलीच नसती.

म्हणून पुढच्या वेळी कोणी सून-लेक म्हणाली, "मला काळा चंद्र दिसला," तर अर्थ सांगायच्या आधी तिला विचारा. दोन दिवसांत काय पाहिलंस, काय ऐकलंस, कसली काळजी आहे, अंगात काय दुखतंय, पोटात जळजळतंय का, झोप किती वेळा मोडते. बहुतेक वेळा उत्तर यातच सापडेल आणि सांगता सांगता तिचं मन हलकं होईल. मात्र तेच भयंकर स्वप्न रोज पडत असेल, भीतीने ती झोपायचं टाळत असेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस उदास असेल, जेवण-खाणं सुटलं असेल, तर अर्थ लावत बसू नका. डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. बाळंतपणानंतरही हे लक्षात ठेवा, कारण तेव्हा झोप आणखी तुटते आणि बाई बोलत नाही.

सिद्धार्थांच्या दरबारात बोलावलेल्या पाठकांनीसुद्धा आधी आपसांत विचार केला आणि मग तोंड उघडलं. आपण तर कट्ट्यावर बसलेल्या बायका. कोणाच्या पोटातल्या बाळाचं भविष्य एका वाक्यात सांगून टाकण्याआधी आपणही तेवढा वेळ घ्यायला हरकत नाही.